उंचवटे खरे किती? कर्नेल घनता आणि बँडविड्थची निवड

अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ओल्ड फेथफुल नावाचं गरम पाण्याचं एक नैसर्गिक कारंजं आहे. जमिनीखाली तापलेलं पाणी ठरावीक अंतराने उसळून वर येतं, काही मिनिटं उडतं आणि शांत होतं. अशा कारंज्याला गायझर म्हणतात. आपल्या न्हाणीघरातल्या गीझरचं नाव याच शब्दावरून आलं. हे कारंजं प्रत्येक वेळी किती मिनिटं उडलं याच्या २७२ नोंदी आर या संख्याशास्त्रीय प्रणालीत `faithful` या नावाने मिळतात. सर्वांत छोटा उद्रेक १.६ मिनिटांचा आहे, सर्वांत मोठा ५.१ मिनिटांचा.

या २७२ आकड्यांचा घनतेचा वक्र आर प्रणालीत काढला, तर दोन उंचवटे दिसतात. एक दोन मिनिटांपाशी, दुसरा सव्वाचार ते साडेचारच्या दरम्यान. तेच आकडे पायथनच्या सायकिट-लर्न या संचातल्या `KernelDensity` ला दिले आणि बाकी काहीच सांगितलं नाही, तर चारच्या थोडं पुढे एकच उंचवटा येतो आणि डावीकडे नुसता लांब उतार राहतो. आकडे तेच आणि पद्धतही तीच, तरी एका चित्रात कारंज्याचे दोन स्वभाव दिसतात आणि दुसऱ्यात एकच. हा फरक बँडविड्थ नावाच्या एका संख्येमुळे पडतो. तीच नीट समजून घेऊ.

हिस्टोग्राम कुठे अडतो

हातात नमुन्याचे आकडे असतात आणि ते ज्या वितरणातून आले त्याचा आकार आपल्याला हवा असतो. एक वाट अशी की आकार आधीच गृहीत धरायचा. हे प्रसामान्य वितरण आहे असं म्हणायचं आणि फक्त सरासरी व प्रमाण विचलन काढायचं. ओल्ड फेथफुलच्या नोंदींची सरासरी ३.४९ मिनिटं येते, पण साडेतीन मिनिटांचे उद्रेक प्रत्यक्षात कमीच आहेत. घंटेचा आकार गृहीत धरला, तर जिथे दरी आहे नेमका तिथे डोंगर काढला जातो.

आकार गृहीत न धरणाऱ्या पद्धतींना अप्राचलिक म्हणतात. त्यातली शाळेपासून ओळखीची पद्धत म्हणजे हिस्टोग्राम: अक्षाचे सारख्या रुंदीचे कप्पे पाडायचे आणि प्रत्येकात किती नोंदी पडल्या ते मोजायचं. पण इथे दोन निर्णय घ्यावे लागतात. कप्प्याची रुंदी किती हा पहिला, आणि पहिला कप्पा कुठून सुरू करायचा हा दुसरा. या दुसऱ्या निर्णयाचा कारंज्याशी काहीच संबंध नाही. तरीही कप्पे पाव मिनिट डावीकडे सरकवले की काही खांब चढतात, काही उतरतात आणि चित्र पालटतं. शिवाय कप्प्याच्या डाव्या काठावरची आणि उजव्या काठावरची नोंद एकाच पारड्यात पडते, आणि काठाच्या किंचित पलीकडची नोंद परकी ठरते.

प्रत्येक नोंदीची एक रास

मरे रोझेनब्लाट यांनी १९५६ साली आणि इमॅन्युएल पार्झेन यांनी १९६२ साली ज्या पद्धतीवर लिहिलं, तिच्यात कप्पे नाहीतच. अक्षावर प्रत्येक नोंद जिथे आहे, बरोबर तिथेच तिच्या नावाने थोडी वाळू ओतायची. प्रत्येकीला वाळू सारखीच, एकूण वाळूचा १/२७२ वाटा. रास मध्यभागी उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती. जिथे नोंदी दाट तिथे राशी एकमेकींवर चढतात आणि उंचवटा तयार होतो; जिथे विरळ तिथे जमीन उघडी राहते. सगळी वाळू मिळून जो माथा दिसतो, तो घनतेचा वक्र.

एका राशीच्या आकाराला कर्नेल म्हणतात आणि ती किती पसरते हे सांगणारी संख्या म्हणजे बँडविड्थ. तिला `h` लिहितात. वाळू ठरलेली असल्यामुळे `h` वाढवली की रास पसरट आणि बुटकी होते, कमी केली की अरुंद आणि उंच. सूत्र एवढंच:

```
f(x) = (1 / (n*h)) * sum( K((x - xi) / h) )
```

हाताने एकदा करून बघू. `faithful` मधल्या पहिल्या पाच नोंदी ३.६००, १.८००, ३.३३३, २.२८३ आणि ४.५३३ अशा आहेत. या पाचांवरून दोन मिनिटांपाशी घनता किती ते काढायचं आहे. कर्नेल प्रसामान्य घंटेचा घेऊ आणि `h` ०.४ मिनिट.

१.८०० ही नोंद दोनपासून ०.२ मिनिट दूर, म्हणजे अर्ध्या बँडविड्थवर. तिथे घंटेची उंची ०.३५२१. २.२८३ ही नोंद ०.७१ बँडविड्थवर, तिची उंची ०.३१०६. ३.३३३ तीन बँडविड्थच्याही पलीकडे, तिचा वाटा जेमतेम ०.००१५. ३.६०० चा ०.०००१, आणि ४.५३३ चा जवळपास शून्य. बेरीज ०.६६४३. तिला नोंदींची संख्या गुणिले `h`, म्हणजे ५ × ०.४ = २ ने भागलं की ०.३३२ येतं.

आता `h` एक मिनिट करू. १.८०० आणि २.२८३ यांचे वाटे ०.३९१० आणि ०.३८३३ होतात, पण आता दूरच्या नोंदीही बोलू लागतात: ३.३३३ चा वाटा ०.१६४१, ३.६०० चा ०.११०९ आणि साडेचार मिनिटांच्या नोंदीचाही ०.०१६१. बेरीज १.०६५४, भागिले ५, म्हणजे ०.२१३. दोन मिनिटांपाशी नोंदी तेवढ्याच आहेत, तरी घनता एक तृतीयांशाहून जास्त उतरली, कारण जवळच्या दोघींची वाळू दूरवर पसरली.

कर्नेलचा आकार कोणता घ्यावा यावर पुस्तकांत बरीच पानं असतात. एपानेचनिकोव्ह यांनी १९६९ साली दाखवलेला उलट्या वाटीसारखा परवलयी आकार एका मोजमापाने सर्वोत्तम ठरतो, पण प्रसामान्य घंटा त्याच्या इतकी जवळ येते की प्रत्यक्षात फरक कळत नाही. त्यात वेळ घालवू नये असं माझं मत आहे. सगळा वेळ `h` ला द्यावा.

रुंदी वाढली की काय बिघडतं

पसरट राशी नेमकं काय बिघडवतात ते आकड्यांत सांगता येतं, आणि हिशोब पायथागोरसच्या प्रमेयासारखा आहे. प्रसामान्य कर्नेलमध्ये `h` हे त्या घंटेचं प्रमाण विचलन असतं. नोंदींच्या एखाद्या गटाचं स्वतःचं विचलन `s` असेल, तर वक्रात त्या गटाचं विचलन `s` आणि `h` यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ होतं.

ओल्ड फेथफुलच्या छोट्या उद्रेकांचा गट दोन मिनिटांभोवती आहे आणि त्याचं विचलन साधारण पाव मिनिट. `h` ०.१४ ठेवली तर वक्रात तो ०.२९ रुंदीचा दिसेल, म्हणजे जवळपास आहे तसा. ०.३३ ठेवली तर ०.४१, खूपच जाड. आणि `h` एक मिनिट ठेवली तर १.०३, मूळ गटाच्या चौपट. आता दिसते ती रुंदी गटाची उरलेली नाही, आपल्या कर्नेलची आहे. दुसरा गट सव्वादोन मिनिटं उजवीकडे आहे, तोही तसाच फुगतो, आणि मधली दरी भरून जाते. सायकिट-लर्नमध्ये `bandwidth` दिली नाही तर ती १.० धरली जाते. आकडे मिनिटांत असोत, सेकंदांत असोत की कोटी रुपयांत, तो एक म्हणजे एकच. एक उंचवटा का दिसला याचं उत्तर हे.

जास्त रुंदी शिखरं कापते आणि दऱ्या भरते. ही चूक नोंदी पुन्हा गोळा केल्या तरी तशीच, त्याच दिशेने येते.

रुंदी कमी झाली की काय बिघडतं

मग `h` बारीकच का करू नये? कारण तेव्हा दुसरी चूक डोकं वर काढते. `h` ०.०२ मिनिट केली, तर एका ठिकाणच्या उंचीवर जेमतेम दोन-चार नोंदींचा हात असतो. वक्र करवतीच्या दात्यांसारखा दिसतो, आणि दुसऱ्या आठवड्यात नोंदी घेतल्या तर दाते दुसरीकडेच येतात. ही चूक योगायोगाची. नोंदींची संख्या गुणिले `h` जितकं लहान, तितकी ती मोठी.

या दोन चुकांचा एकत्र विचार केला, की सर्वोत्तम `h` ही नोंदींच्या संख्येच्या पाचव्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात येते. हे प्रमाण फार सावकाश चालतं. नोंदी दुप्पट केल्या तर `h` फक्त १३ टक्क्यांनी कमी करता येते. ती निम्मी करायची तर ३२ पट नोंदी हव्यात. आकार गृहीत न धरण्याची किंमत ही अशी नोंदींच्या रूपात द्यावी लागते.

नियमाची बँडविड्थ आणि तिची चूक

आर प्रणाली आपण काही सांगितलं नाही तर जी `h` घेते, ती बर्नार्ड सिल्व्हरमन यांच्या १९८६ सालच्या पुस्तकातल्या नियमातून येते. प्रमाण विचलन घ्या. पहिल्या व तिसऱ्या चतुर्थकातलं अंतर भागिले १.३४ घ्या, दोहोंपैकी लहान ते ठेवा. त्याला ०.९ ने गुणा आणि नोंदींच्या संख्येच्या पाचव्या मुळाने भागा.

आपल्या नोंदींवर हे करू. प्रमाण विचलन १.१४१. चतुर्थकं २.१६ आणि ४.४५, त्यांच्यातलं अंतर २.२९, भागिले १.३४ म्हणजे १.७१. लहान आकडा १.१४१. २७२ च्या पाचव्या मुळाने भागणं म्हणजे ०.३२६ ने गुणणं. ०.९ × १.१४१ × ०.३२६ = ०.३३५.

चूक कुठे आहे ते आता उघड दिसतं. १.१४१ हे विचलन कशाचं आहे? छोट्या उद्रेकांचं विचलन पाव मिनिट, मोठ्यांचं साधारण ०.४ मिनिट. १.१४१ आलं ते दोन गट एकमेकांपासून लांब आहेत म्हणून. नियम त्या अंतरालाच पसारा समजतो आणि दोन्ही गटांना त्या मापाची रास देतो. चतुर्थकांतलं अंतर घेण्याची सोय लांब शेपटीसाठी आहे. दोन गटांपुढे ती उपयोगी पडत नाही, कारण एक चतुर्थक एका गटात आणि दुसरं दुसऱ्या गटात पडतं. म्हणून तर इथे ते अंतर विचलनापेक्षा मोठं निघालं.

तोच नियम फक्त छोट्या उद्रेकांच्या सुमारे शंभर नोंदींना लावला, तर ०.९ × ०.२५ × ०.४ = ०.०९ येतं. गटाला हवी तिच्या जवळपास चौपट `h` नियमाने दिली. परिणाम चित्रात दिसतो: डाव्या शिखराची उंची ०.३५ च्या आसपास राहते, ती असायला हवी अर्ध्याच्या आसपास. दोन गट इतके दूर आहेत म्हणून दरी कशीबशी टिकली. ते थोडे जवळ असते, तर या नियमाने त्यांचा एकच गट करून टाकला असता आणि आपल्याला पत्ताही लागला नसता.

नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. एका उंचवट्याच्या, फार कललेल्या नसलेल्या आकड्यांवर तो चांगला चालतो. पण आपण घनतेचा वक्र काढतो ते बहुतेक वेळा उंचवटे किती हेच बघायला, आणि नियम मात्र एकच असेल असं मनात धरून बसलेला असतो.

आकड्यांनाच विचारायचं

दुसरी वाट म्हणजे `h` आकड्यांवरूनच ठरवायची. सरळ मार्ग असा वाटतो की ज्या `h` ला आपल्या नोंदी सर्वांत जास्त शक्य ठरतात, ती घ्यावी. पण तसं केलं तर उत्तर नेहमी शून्याकडे जातं, कारण प्रत्येक नोंद स्वतःच्याच राशीच्या शिखरावर उभी असते आणि रास जितकी टोकदार तितकी तिची उंची जास्त. म्हणून एक नोंद बाजूला ठेवायची, उरलेल्या २७१ नोंदींचा वक्र काढायचा आणि बाजूच्या नोंदीपाशी त्याची उंची बघायची. असं प्रत्येकीसाठी करायचं आणि ज्या `h` ला या उंच्या एकंदरीत सर्वांत जास्त येतात ती घ्यायची. यालाच क्रॉस-व्हॅलिडेशन म्हणतात. दोष हा की उत्तर चंचल असतं, आणि आकडे गोल करून लिहिलेले असले की ते फसतं.

सायमन शेदर आणि क्रिस जोन्स यांनी १९९१ साली दिलेली पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. सर्वोत्तम `h` च्या सूत्रात एक अज्ञात संख्या असते: खरा वक्र एकूण किती वाकडातिकडा आहे. सिल्व्हरमनचा नियम तिथे प्रसामान्य घंटेचं वाकडेपण बसवतो. शेदर-जोन्स पद्धत आधी एक प्राथमिक वक्र काढून त्याचं वाकडेपण मोजते आणि ते बसवते. दोन शिखरं असली की वाकडेपण जास्त भरतं आणि `h` आपोआप खाली येते. आपल्या नोंदींवर ती ०.१४ देते. आर प्रणालीच्या मदतपानावरही लिहिलेलं आहे की सिल्व्हरमनचा नियम मूळ पर्याय म्हणून ठेवला आहे तो जुन्या प्रथेमुळे.

तिन्ही वक्र एकावर एक बघण्यासाठी एवढं पुरे:

```r
x <- faithful$eruptions
plot(density(x, bw = "SJ"))
lines(density(x), lty = 2)
lines(density(x, bw = 1), lty = 3)
rug(x)
```

शेवटची ओळ प्रत्येक नोंदीची एक बारीक रेघ अक्षावर मारते. ती गाळू नका. वक्र कुठे नोंदींच्या आधाराने उभा आहे आणि कुठे नुसत्या कर्नेलच्या, हे त्या रेघांवरून लगेच कळतं.

घड्याळाच्या खुणा

`h` आणखी खाली नेली तर एका टप्प्यानंतर कारंजं संपतं आणि माणूस सुरू होतो. या नोंदी मुळात सेकंदांत घेतलेल्या, मग मिनिटांत बदललेल्या. त्यात पाचच्या पटीतले सेकंद अपेक्षेपेक्षा जास्त वेळा आहेत, म्हणजे नोंद घेणाऱ्याने जवळच्या पाचावर आकडा टेकवला. पाच सेकंद म्हणजे ०.०८३ मिनिट. `h` त्याच्याही बरीच खाली गेली, की वक्रात ठरावीक अंतरावर बारीक दाते दिसू लागतात. ते उद्रेकाचे नाहीत, लिहिणाऱ्याच्या सवयीचे आहेत.

याच कारंज्याच्या ऑगस्ट १९८५ मधल्या २९९ नोंदींचा आणखी एक संच आर प्रणालीच्या `MASS` संचात `geyser` नावाने आहे. त्यात रात्रीच्या काही उद्रेकांची वेळ मोजलेलीच नव्हती. ‘छोटा’, ‘मध्यम’, ‘मोठा’ एवढंच लिहिलेलं होतं, आणि नंतर त्यांना २, ३ आणि ४ मिनिटं असे आकडे दिले गेले. अरुंद बँडविड्थ लावली की २ आणि ४ वर सुळके उभे राहतात. क्रॉस-व्हॅलिडेशन तर अशा तंतोतंत सारख्या नोंदींवर `h` शून्याकडे ओढू लागतं, कारण बाजूला ठेवलेल्या नोंदीची जुळी बहीण आतच असते. म्हणून पद्धतीने सुचवलेली `h` जर नोंदींच्या अचूकतेपेक्षा लहान निघाली, तर ती घेऊ नये. आधी सारखे आकडे किती आहेत ते मोजावं.

आकडा एक, अर्थ वेगळे

`h` ०.१४ हा आकडा एका प्रणालीतून उचलून दुसरीत टाकताना सांभाळावं लागतं. पायथनच्या सायपायमधल्या `gaussian_kde` ला `bw_method=0.14` दिलं, तर तो आकडा गुणक समजला जातो आणि प्रमाण विचलनाने गुणला जातो: ०.१४ × १.१४१ = ०.१६. खरोखर ०.१४ मिनिट हवी असेल तर `0.14 / x.std(ddof=1)` द्यावं लागतं. एपानेचनिकोव्हच्या आकारातही असाच गोंधळ होतो. आर प्रणालीत `bw` म्हणजे कर्नेलचं प्रमाण विचलन, सायकिट-लर्नमध्ये मात्र राशीची मध्यापासून काठापर्यंतची रुंदी. तोच आकडा दिला तर दुसरीकडचा वक्र पाचाच्या वर्गमुळाने, म्हणजे सव्वादोन पट अरुंद होतो.

एक मर्यादा कोणतीही `h` निवडली तरी राहते. जे आकडे शून्याखाली जाऊच शकत नाहीत आणि शून्यापाशीच दाट असतात, जसे पुढचा फोन येईपर्यंतची मिनिटं, त्यांच्या राशींची वाळू शून्याच्या पलीकडे सांडते. शून्यावर घनता सुमारे निम्मी दिसते आणि तिथे खोटा उतार तयार होतो. सांडलेली वाळू शून्यापाशी आरसा धरल्यासारखी परत आत दुमडायची, किंवा आकड्यांचे लॉगरिदम घेऊन वक्र काढायचा आणि मग परत मूळ मापात आणायचा, हे दोन उपाय आहेत. ओल्ड फेथफुलला याची गरज नाही, तिथे सगळ्या नोंदी शून्यापासून दूर आहेत. तरी तिथेही आर प्रणालीचा मूळ वक्र ०.६ मिनिटापासून सुरू होतो, सर्वांत छोटा उद्रेक १.६ मिनिटांचा असताना. तो डावीकडचा भाग नुसत्या कर्नेलचा आहे.

तुम्ही घनतेचा वक्र कुणापुढे ठेवणार असाल, तर आधी निम्म्या आणि दुप्पट `h` ने तो काढून बघा, आणि जो उंचवटा तिन्ही चित्रांत टिकत नाही त्यावर निष्कर्ष उभा करू नका. मग आलेखाखाली एक ओळ लिहा: ‘नोंदी २७२, प्रसामान्य कर्नेल, बँडविड्थ ०.१४ मिनिट, शेदर-जोन्स पद्धतीने’. एवढी ओळ असली की वाचणाऱ्याला तुमचा वक्र स्वतः काढून पडताळता येतो.